सामन्याआधी संघाशी काय बोलावं? शांत सर्व्हिस रिसीव्हबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुका आणि जिल्हा पातळीच्या शालेय व्हॉलीबॉल स्पर्धा जवळ आल्या की क्रीडाशिक्षक, संघांचे कर्णधार आणि काही पालक साधारण तेच प्रश्न पाठवतात. त्यांतले सर्व्हिस घेण्याबद्दलचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं १७ वर्षांखालील मुलींच्या, उघड्या मातीच्या मैदानावरच्या सामन्याची आहेत. मुलांच्या संघालाही जवळजवळ सगळं तसंच लागू पडतं.

१. सांगण्यासारखं खूप असतं. मग सामन्याआधीचं बोलणं सर्व्हिस रिसीव्हवरच का ठेवायचं?

कारण व्हॉलीबॉलमध्ये उभं राहून वाट बघावी लागते ती इथेच. स्मॅशला धावत यायचं असतं, ब्लॉकला उडी असते, शरीर हालचालीत असतं. रिसीव्हला मात्र शिट्टी वाजते, समोरची मुलगी बॉल हातात घेऊन उभी असते आणि आपण थांबलेले असतो. नियमाप्रमाणे तिला शिट्टीनंतर ८ सेकंद मिळतात. धडधड वाढते ती त्या ८ सेकंदांत. मग ताशी ४५ किलोमीटर वेगाने आलेला बॉल १८ मीटरचं मैदान साधारण दीड सेकंदात पार करतो. त्या दीड सेकंदात नवीन काही सुचत नाही, आधी ठरलेलं असेल तेवढंच होतं.

दुसरं कारण गुणफलकावर दिसतं. रिसीव्ह चुकला की सर्व्हिस त्याच मुलीकडे राहते. शालेय सामन्यात ९–९ चा सेट १५–९ होतो तो बहुतेक वेळा असाच, समोरच्या एकाच मुलीच्या सलग सहा सर्व्हिसवर. स्मॅश बाहेर जाण्याने एवढी मोठी रांग सहसा लागत नाही.

२. कधी बोलायचं आणि किती वेळ?

मुख्य बोलणं सामन्याच्या वीसेक मिनिटं आधी, सावलीत, सगळ्यांना खाली बसवून, तीन ते चार मिनिटं. उभ्या घोळक्यात मागच्या दोघी ऐकत नाहीत आणि राखीव खेळाडू तर हमखास बाहेर राहतात.

वॉर्म-अपनंतर अर्धा मिनिट बोला. तेव्हा समोरच्या संघाच्या सर्व्हिस पाहून झालेल्या असतात, त्याबद्दल एक-दोन वाक्यं पुरतात (प्रश्न ७ पाहा). नियमपुस्तकात नेटवरच्या वॉर्म-अपला ६ किंवा १० मिनिटं आहेत. शालेय स्पर्धेत मागचा सामना लांबला की तेवढी मिळतीलच असं नाही. म्हणून मुख्य बोलणं वॉर्म-अपनंतर ठेवू नका, ते कापलं जातं. आणि मैदानात उतरताना तंत्राची नवीन सूचना अजिबात देऊ नका. ‘मनगट खाली ठेव’ हे त्या क्षणी ऐकलेली मुलगी पुढचे चार बॉल मनगटाचाच विचार करत घेते.

३. नेमकं काय बोलायचं? एखादा नमुना द्याल का?

खालचं बोलणं सावकाश म्हटलं तरी तीन मिनिटांत बसतं. इथे नंबर दिले आहेत, बोलताना मुलींची नावं घ्या.

“बसा पोरींनो, पाणी प्या. तीन गोष्टी सांगणार आहे, तिन्ही सर्व्हिस घेण्याच्या.

“पहिली. सुरुवातीच्या चार-पाच सर्व्हिसना हात कापतील. कापू देत. पलीकडच्या मुलींचेही कापणार आहेत. तुम्ही फक्त गुडघे वाकवा. गुडघे वाकलेले असले की हात कापला तरी बॉल वर उठतो. गुडघे ताठ असले की बॉल वर काढायला हात झटकावा लागतो, आणि मग तो कुठेही जातो.

“दुसरी. पॉइंट आपला असो नाहीतर त्यांचा, संपला की मध्ये यायचं, हाताला हात लावायचा, जागेवर जायचं. जागेवर गेल्यावर तोंडाने लांब श्वास सोडायचा. मग सर्व्हिस मारणाऱ्या मुलीच्या हातातल्या बॉलकडे बघायचं. गुणफलकाकडे नाही, माझ्याकडे नाही. प्रत्येक सर्व्हिसला हेच, याच क्रमाने.

“तिसरी. बॉल द्यायचा कुठे? मधोमध, उंच, तीन मीटरच्या रेषेच्या आत. लिफ्टरच्या डोक्यावर नेमका आला नाही तरी चालेल. दोन पावलं पळून बॉलखाली जाणं हे तिचं काम आहे, ती जाईल. नेटला चिकटलेला बॉल मात्र कुणालाच खेळता येत नाही. म्हणून जवळ देण्यापेक्षा उंच द्या.

“सात नंबर, तुझ्या आणि चार नंबरच्या मधला बॉल तुझा. तुझ्या आणि नऊ नंबरच्या मधलाही तुझाच. चार, नऊ, तुम्ही तिला जागा द्या आणि लगेच मागे बघा.

“एखादा बॉल जाईल. ज्या मुलीचा गेला तिने ‘सॉरी’ म्हणायचं नाही. शेजारच्या मुलीने ‘पुढचा’ म्हणायचं, आणि परत मध्ये यायचं.

“आता तुम्ही सांगा. पॉइंट संपला, पहिलं काय करायचं? मधला बॉल कुणाचा? बॉल कुठे द्यायचा?”

शेवटचे तीन प्रश्न गाळू नका. उत्तरं मुलींच्या तोंडून आली की कुणाला काय कळलेलं नाही ते तिथेच दिसतं. बहुतेकदा अडतं ते मधल्या बॉलच्या उत्तरावर.

या बोलण्यात जिंकण्या-हरण्याचा, शाळेच्या नावाचा किंवा मागच्या वर्षीच्या पराभवाचा उल्लेख मुद्दाम ठेवलेला नाही. ‘चुकू नका’ हेही नाही, कारण ते ऐकून मुलीला करण्यासारखं काहीच मिळत नाही.

४. ‘शांत राहा’ म्हटलं की मुली आणखी घाबरतात. मग शांतपणा आणायचा कसा?

‘शांत राहा’ ही सूचना पाळता येत नाही, कारण धडधड सांगून थांबत नाही. पाळता येतात ती कामं: हाताला हात लावणं, श्वास सोडणं, गुडघे वाकवणं, बॉलकडे बघणं. ताणाने रिसीव्ह बिघडतो तो चार ठिकाणी, आणि ही चार कामं त्याच चार ठिकाणांवर बसवलेली आहेत.

ताण आला की मुलगी श्वास रोखते आणि तिचे खांदे वर चढतात. खांदे चढले की हात आखडतात आणि बॉलचा जोर शोषून घेत नाहीत, मग तो फळीवर आपटल्यासारखा उडतो. लांब श्वास सोडला की खांदे आपोआप उतरतात. म्हणून भर श्वास सोडण्यावर द्या. ‘मोठा श्वास घे’ म्हटलं की मुली तो घेऊन रोखून धरतात आणि खांदे आणखी वर जातात.

दुसरी खूण म्हणजे सर्व्हिस मारली जाण्याआधीच हात जोडून उभं राहणं. जोडलेल्या हातांनी धावता येत नाही, मुलगी जागेवरूनच हात लांबवते आणि बॉल बाजूला निसटतो. हात मोकळे, गुडघ्यांच्या थोडे पुढे असावेत. पाय आधी बॉलच्या मागे पोहोचावेत आणि हात अगदी शेवटी जुळावेत. बॉल मनगटाच्या वरच्या सपाट भागावर घ्यायचा आणि हात लिफ्टरच्या दिशेला वळवून तसेच धरायचे. जोरात आलेल्या सर्व्हिसला हाताचा झोका लागतच नाही, तिचा स्वतःचा वेग पुरतो.

तिसरी खूण नजर. घाबरलेली मुलगी जमिनीकडे, प्रशिक्षकाकडे नाहीतर आईवडिलांकडे बघते. त्यामुळे बॉल तिला नेट ओलांडल्यावर दिसतो, म्हणजे दीड सेकंदातला निम्म्याहून जास्त वेळ गेलेला असतो. चौथी खूण म्हणजे तोंड बंद होणं. त्याबद्दल पुढचा प्रश्न पाहा.

हा क्रम सामन्याच्या सकाळी पहिल्यांदा सांगून उपयोग नाही. सरावात निदान दोन आठवडे प्रत्येक सर्व्हिसआधी करून घेतला असेल, तरच सामन्यात तो आपोआप होतो.

५. दोघींच्या मध्ये बॉल पडतो आणि दोघी एकमेकींकडे बघत राहतात. यावर काय सांगावं?

मधला बॉल कुणाचा हे आधी ठरवा आणि नाव घेऊन ठरवा. ‘जिला जवळ पडेल तिने घ्यावा’ हा नियम कामाचा नाही, कारण जवळ कुणाला हे ठरवण्यातच वेळ जातो. रिसीव्ह सगळ्यांत पक्का जिचा, तिच्या दोन्ही बाजूंचा मधला बॉल तिचा. मागे-पुढे उभ्या असलेल्या दोघींत छातीच्या वर जाणारा बॉल मागचीचा.

हाक बॉल नेट ओलांडायच्या आत यायला हवी. ‘माझा!’ एकदाच, मोठ्याने. हात लागताना दिलेली हाक शेजारच्या मुलीला काहीच सांगत नाही. जी बॉल घेत नाही तिलाही काम द्या. तिने बॉल घेणारीकडे वळायचं, आणि बॉल बाहेर जातोय असं दिसलं तर ‘सोड!’ म्हणायचं. घेणारीची नजर बॉलवर असते, रेषा शेजारचीला जास्त नीट दिसते.

६. रिसीव्हला तीन जणी ठेवाव्यात की पाच?

वर्षभर तिघींचा सराव झालेला असेल तर तिघी, नाहीतर पाच. सामन्याच्या दिवशी बदलू नका.

पाच जणींच्या रचनेत लिफ्टर नेटजवळ असते. तिघी नेटपासून साधारण साडेचार-पाच मीटरवर आणि दोघी त्यांच्या मोकळ्या जागांमागे सातेक मीटरवर उभ्या राहतात. प्रत्येकीला जागा थोडी राखावी लागते, पण ‘मधल्या’ जागा वाढतात आणि गोंधळ तिथेच होतो. तिघींच्या रचनेत सगळ्या नेटपासून सहा-साडेसहा मीटरवर असतात. धावावं जास्त लागतं, पण बॉल कुणाचा हे लवकर कळतं. दोन्ही रचनांत बॉल पुढे येऊन घेणं मागे सरकून घेण्यापेक्षा सोपं असतं, म्हणून शंका असेल तर अर्धं पाऊल मागे उभं राहा.

७. समोरच्या संघाच्या सर्व्हिस पाहून मुलींना काय सांगायचं?

प्रत्येक सर्व्हिसचं वर्णन करत बसू नका. वॉर्म-अपमध्ये फक्त दोन प्रकारच्या मुली शोधा, बॉल न फिरवता मारणारी आणि फिरवून मारणारी.

न फिरणारा बॉल, म्हणजे फ्लोट, हवेत डुगडुगतो आणि शेवटी अचानक बाजूला सरकतो किंवा खाली बसतो. मारल्यावर हात लगेच थांबला तर तो बहुधा फ्लोट असतो. त्यासाठी एकच वाक्य पुरतं: “त्यांच्या नऊ नंबरचा बॉल हलेल, पाय थांबवू नका.” एकदा पाय रोवले की शेवटचा बदल पकडता येत नाही. फ्लोट छातीच्या वर येत असेल तर बोटांनी घेणं जास्त सोपं. पहिल्या स्पर्शात एकाच हालचालीत बॉल दोन्ही हातांना पाठोपाठ लागला तरी नियमाने तो फॉल्ट नाही. धरून फेकला तर मात्र फॉल्ट आहे. काही पंच शालेय सामन्यात यावर जास्त कडक असतात, त्यामुळे कर्णधाराने नाणेफेकीच्या वेळी नम्रपणे विचारून घ्यावं.

फिरत येणारी टॉपस्पिन सर्व्हिस वेगाने खाली येते पण रस्ता बदलत नाही. तिला हात थोडे आधी तयार ठेवायचे आणि झोका अजिबात द्यायचा नाही.

८. ‘खांद्याच्या वर आलेला बॉल सोडायचा’ हे बरोबर आहे का?

अर्धं बरोबर आहे. मागच्या रेषेपासून अडीच-तीन मीटर आत उभ्या असलेल्या मुलीच्या खांद्यावरून जोरदार, सपाट सर्व्हिस गेली तर ती बहुधा बाहेर पडते. उंच, संथ सर्व्हिस मात्र खांद्यावरून गेली तरी उताराने आत पडते. १४ वर्षांखालील गटात बऱ्याच सर्व्हिस अशाच असतात, तिथे हा नियम शिकवूच नका. रेषेजवळ सरकलेल्या मुलीने कमरेच्या वरचा सपाट बॉलही सोडावा. पहिल्या पाच पॉइंटपर्यंत मात्र शंका आली तर घ्यायचाच, असं आधीच सांगून ठेवा. सुरुवातीला सोडलेला बॉल रेषेवर पडला की पुढे दोघी-तिघी बाहेर जाणारे बॉलही खेळायला लागतात.

९. समोरचे एकाच कच्च्या मुलीवर सगळ्या सर्व्हिस टाकतात. तिला आधी सांगून ठेवावं का?

हो, पण सगळ्यांसमोर ‘तुझ्यावर येतील’ म्हणून नाही. तिला बाजूला घेऊन तिची जागा सांगा: “तू बाजूच्या रेषेकडे अर्धा मीटर सरक. तुझ्या समोरचा बॉल तुझा, तुझ्या आतल्या बाजूचा सातचा.” असं केलं की तिच्याकडे दीड-दोन मीटरची पट्टी उरते आणि सर्व्हिस मारणारीला रेषेजवळ नेम धरावा लागतो. तशा काही सर्व्हिस बाहेर जातात.

तिला बदलायची वेळ आली तर नियम लक्षात ठेवा. एका सेटमध्ये सहा बदल मिळतात. सुरुवातीला खेळलेली मुलगी बाहेर गेली तर त्या सेटमध्ये एकदाच आत येऊ शकते, तीही तिच्याच बदलीच्या जागी. म्हणून दोन चुका झाल्या म्हणून लगेच काढू नका, पट्टी लहान करून बघा. ती मागच्या ओळीत असताना लिबेरो तिच्या जागी येत असेल, तर त्या अदलाबदलीचा हिशेब या सहांत धरत नाहीत.

१०. सलग पॉइंट जायला लागले की टाइम-आउटमध्ये काय बोलायचं?

सेटमध्ये प्रत्येकी ३० सेकंदांचे दोन टाइम-आउट मिळतात. पाच-सहा पॉइंट जायची वाट बघू नका. रिसीव्हवर लागोपाठ दोन थेट पॉइंट गेले आणि मुली मध्ये यायच्या थांबल्या, की मागा.

एक उदाहरण घेऊ. आपण १२–९ ने पुढे होतो, आता १२–१२ आहे. समोरची मुलगी आपल्या मागच्या ओळीतल्या पाच आणि सहा नंबरच्या जागांमध्ये खोल, सपाट सर्व्हिस टाकते आहे. पहिला बॉल कुणीच घेतला नाही, दुसऱ्याला दोघी गेल्या, तिसरा मागे सरकत घेतला आणि तो पंचांकडे उडाला. तंत्राचा दोष एकच आहे, दोघी जरा पुढे उभ्या आहेत. मोठा दोष म्हणजे मधला बॉल कुणाचा ते आता कुणालाच आठवत नाही.

पहिले दहा सेकंद कुणी बोलायचं नाही. पाणी आणि लांब श्वास. पुढच्या दहा सेकंदांत फक्त हे: “सर्व्हिस पाच-सहाच्या मध्ये, खोल येतेय. दोघी एक पाऊल मागे. मधला सहाचा.” उरलेल्या वेळात सहाच्या जागेवरची मुलगी म्हणते, “मधला माझा.” लिफ्टर म्हणते, “उंच दे, मी येते.” आणि परत जायचं.

यानंतरचा रिसीव्ह सुंदर होईलच असं नाही. तो तीन मीटरच्या रेषेवर उंच उठला, लिफ्टर धावली आणि तिसरा बॉल नुसता खोल पलीकडे गेला, तरी सर्व्हिसची रांग तुटायची संधी मिळते. पुढचाही पॉइंट गेला तर दुसरा टाइम-आउट लगेच वापरू नका, तो विसाच्या पुढे लागतो. मुली मध्ये येतात की नाही ते बघा, आणि येत नसतील तर कर्णधाराला हाक मारून बोलवायला सांगा.

११. घाईत लिफ्टर आधीच नेटकडे पळते आणि पोझिशनचा फॉल्ट होतो. हे बोलण्यात आणायचं का?

फॉल्टचा नियम बोलण्यात समजावू नका, तो सरावात फळ्यावर दाखवायचा. सर्व्हिस मारणारीचा हात बॉलला लागतो त्या क्षणी रिसीव्ह करणाऱ्या संघाच्या सगळ्या आपापल्या क्रमात असायला हव्यात. जागा जमिनीवरच्या पायांवरून ठरते. हात लागल्यानंतर कुणीही कुठेही जाऊ शकतं. म्हणून लिफ्टरला एकच वाक्य पुरतं: “तिचा हात बॉलला लागल्याचं दिसल्यावर निघ.” याने आणखी एक फायदा होतो. तीही बॉलकडे बघायला लागते.

१२. सर्व्हिस नेटला लागून आली तर?

बॉल पलीकडून नेटला लागून आत आला तर खेळ चालूच राहतो. तो वेग गमावून नेटजवळ पडतो, म्हणून पुढच्या ओळीतल्या मुलींची पहिली हालचाल पुढे असावी. सर्व्हिसवर ब्लॉक करणं फॉल्ट आहे. नेटजवळ, नेटच्या वर असलेला सर्व्हिसचा बॉल सरळ मारून परत पाठवणंही फॉल्ट आहे. तो खालून उचलून वर काढायचा.

१३. पाऊस पडून गेलेला असेल, बॉल ओला असेल किंवा समोर ऊन असेल तर बोलणं बदलावं का?

तीन गोष्टी तशाच ठेवा, फक्त एक-एक वाक्य जोडा. ओला बॉल हातावरून घसरून पुढे निसटतो, म्हणून हाताचा कोन जरा जास्त वर करायचा आणि लक्ष्य नेटपासून आणखी मीटरभर आत धरायचं. प्रत्येकीच्या कमरेला रुमाल खोचलेला असावा. हात पुसणं श्वास सोडण्याच्या आधी उरकायचं, नाहीतर नजर खाली जाते. माती निसरडी असेल तर उभं राहतानाच पाय थोडे जास्त फाकवायचे आणि लहान पावलं टाकायची.

डोळ्यांवर ऊन येत असेल तर नाणेफेकीत बाजू निवडायला कर्णधाराला आधीच सांगून ठेवा. पुढच्या सेटला बाजू बदलतात, म्हणजे एक सेट उन्हाकडे तोंड करून खेळावाच लागतो. त्या सेटमध्ये बॉल सूर्याच्या रेषेतून येऊ नये म्हणून थोडं तिरकं उभं राहायचं, आणि उंच सर्व्हिस बोटांनी घेण्याच्या फंदात न पडता हातावरच घ्यायची.